जुलाब थांबले आणि मग प्लेटलेट्स घसरल्या, क्रिएटिनिन वाढलं. भाच्याचे रिपोर्ट कसे वाचायचे?

पंचगंगेकाठची | सोमवार, रात्री ९.४०

माझ्या भावाचा मुलगा, वय साडेतीन, वजन १४ किलो. पन्हाळ्याच्या बाजूला गावात राहतात. गेल्या सोमवारी जुलाब सुरू झाले, आधी पाण्यासारखे, बुधवारी त्यात रक्त दिसलं. ताप जवळजवळ नव्हताच, पण पोटात एवढी कळ यायची की पाय पोटाशी घेऊन ओरडायचा. गावातल्या डॉक्टरांनी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलचं सिरप दिलं. शुक्रवारपर्यंत जुलाब बऱ्यापैकी थांबले आणि घरात सगळ्यांनी हुश्श केलं.

रविवारी पोरगा पांढराफटक दिसायला लागला. नुसता पडून राहतोय, डोळ्यांखाली सूज. आज सकाळपासून एकदाच लघवी झाली, तीही काळ्या चहासारखी. कोल्हापुरात दाखल केलंय.

शुक्रवारचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन ११.२, प्लेटलेट्स १,३८,०००, क्रिएटिनिन ०.८.
आजचा: हिमोग्लोबिन ७.४, प्लेटलेट्स ३६,०००, क्रिएटिनिन २.६, युरिया ११८. डेंग्यूच्या दोन्ही टेस्ट निगेटिव्ह.

डॉक्टर म्हणतात किडनीवर परिणाम झालाय, आज रात्रीच पुण्याला लहान मुलांच्या किडनीतज्ज्ञांकडे हलवा. वहिनीच्या माहेरचे म्हणतात हा डेंग्यूच, आधी प्लेटलेट्स चढवा मग काय ते बघू. शुक्रवारी क्रिएटिनिन नॉर्मल होतं ना? तीन दिवसांत किडनी कशी जाईल? आणि प्लेटलेट्ससाठी अडून बसावं का?

आबा_करवीर | सोमवार, रात्री ९.५५

ताई, घाबरू नका. आमच्या गल्लीत या पावसाळ्यात चार पोरांच्या प्लेटलेट्स उतरल्या. सगळा डेंग्यूच असतो, टेस्ट कधी कधी चुकते. पपईच्या पानांचा रस दोन चमचे सकाळ-संध्याकाळ द्या. लघवी कमी आहे म्हणजे अंगात पाणी कमी. शहाळं द्या, मोसंबीचा रस द्या, भरपूर पाजा. आपोआप लघवी सुटेल.

निशाचर | सोमवार, रात्री १०.१०

मी मुलांच्या किडनीविभागात काम करतो. इथून निदान करता येत नाही, पण हे आकडे वाचून थांबवत नाही म्हणून लिहितोय. आज रात्रीच निघा. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलेलं दिसतंय.

आबा, तुमच्या सल्ल्यातली पाण्याची गोष्ट बुधवारी अगदी योग्य होती. रक्ताचे जुलाब चालू असताना मुलाच्या अंगात पुरेसं पाणी आणि मीठ राहिलं, तर पुढे किडनी पूर्ण बंद पडायची शक्यता कमी होते. आता चित्र उलटं आहे. सूज आहे, लघवी नाही, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही. ते फुफ्फुसात साठतं, रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि झटका येऊ शकतो. शहाळं आणि मोसंबी तर अजिबात नको. दोन्हीत पोटॅशियम भरपूर असतं, आणि ते बाहेर टाकणारी किडनीच बंद असेल तर त्याचा थेट परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो.

वाटेत तोंडाने काही पाजायचं की नाही, किती पाजायचं, हे सोबतच्या डॉक्टरांना विचारा. रेफर करतानाची चिठ्ठी, दोन्ही रिपोर्ट, आज किती लघवी झाली आणि आजचं वजन, एवढं कागदावर लिहून न्या.

स्लाइडवाला | सोमवार, रात्री १०.२५

मी पॅथॉलॉजीत आहे. "क्रिएटिनिन नॉर्मल होतं" यावर बोलतो, कारण हा घोळ आमच्याच कागदामुळे होतो.

रिपोर्टवर शेजारी छापलेली नॉर्मल रेंज बहुतेक वेळा मोठ्या माणसाची असते, ०.६ ते १.२ वगैरे. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. साडेतीन वर्षांच्या पोराचे स्नायू ते केवढे! त्याचं नेहमीचं क्रिएटिनिन ०.३ ते ०.४ च्या आसपास असतं. म्हणजे शुक्रवारी ०.८ आलं तेव्हाच ते दुप्पट होतं. रेंजमध्ये बसलं म्हणून ठळक छापलं गेलं नाही आणि कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याच दिवशी प्लेटलेट्सही दीड लाखाच्या खाली होत्या. दोन्ही आकडे सुटे सुटे पाहिले तर किरकोळ वाटतात. रक्ताच्या जुलाबांच्या पाचव्या दिवशी एकत्र पाहिले तर नाही वाटत.

आता डेंग्यूबद्दल. डेंग्यू बिघडतो तेव्हा रक्तातलं पाणी झिरपून बाहेर जातं, रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट चढतं. इथे प्लेटलेट्सबरोबर हिमोग्लोबिन तीन दिवसांत जवळजवळ चारने पडलंय, आणि जुलाबातलं रक्तही थांबलेलं. मग ते रक्त गेलं कुठे? अंगातच फुटलं. म्हणून विचारतो, कुणी रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली पाहिली का? नुसता मशीनचा सीबीसी पुरेसा नाही. आणि पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एलडीएच केलंय का?

पंचगंगेकाठची | सोमवार, रात्री ११.०५

अँब्युलन्स निघाली. एलडीएच २,३८० आहे. स्लाइडवर लिहिलंय "फ्रॅगमेंटेड आरबीसी सीन". त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. मी आत्या, इकडे घरी त्याच्या मोठ्या बहिणीजवळ थांबलेय. वय सहा. तिलाही कालपासून जुलाब आहेत, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

स्लाइडवाला | सोमवार, रात्री ११.२०

त्या तीन शब्दांतच सगळं आलं, ताई. स्लाइडवर तांबड्या पेशी एरवी गोल, मधे फिकट दिसतात. यात त्यांचे तुकडे दिसतात: काही तिकोनी, काही शिरस्त्राणासारखे, एका बाजूला सरळ कापलेले आणि दोन टोकं वर आलेले. किडनीतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा झाली की तिथे प्लेटलेट्स चिकटून बारीक गुठळ्या होतात. प्लेटलेट्स त्यात खर्च होतात म्हणून आकडा पडतो. तांबड्या पेशी त्या अरुंद झालेल्या वाटेतून दाबाने जाताना चिरल्या जातात म्हणून हिमोग्लोबिन पडतं आणि एलडीएच चढतं. वाटच बंद झाली म्हणून क्रिएटिनिन चढतं. तीन वेगळे आजार नाहीत, एकाच इजेची ही तीन टोकं आहेत. या अवस्थेला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात, सगळे एचयूएसच म्हणतात.

एक आतली गोष्ट. मशीन पेशी मोजतं ते आकारावरून. तांबड्या पेशींचे अगदी छोटे तुकडे कधी कधी प्लेटलेट्समध्ये धरले जातात. म्हणजे ३६,००० छापलंय तिथे खरा आकडा त्याहून कमी असू शकतो. अशा पेशंटचा मशीनवरचा काउंट सुधारलेला दिसला तरी मी स्लाइड पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

निशाचर | सोमवार, रात्री ११.३५

बहिणीचं आधी. सहा वर्षांची आहे, लघवी नीट होतेय ना? जुलाबात रक्त आहे का? उद्या सकाळी तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि भावाला काय झालंय ते पहिल्याच वाक्यात सांगा. सीबीसी आणि क्रिएटिनिन करा, स्लाइडसकट. शौचाचा नमुना औषध सुरू करण्याआधी घ्या, आणि लॅबला स्पष्ट सांगा की शिगा टॉक्सिन हे विष आणि ते बनवणारा ई. कोलाय ओ१५७ हा जंतू, यांसाठी बघायचंय. नेहमीच्या स्टूल कल्चरमध्ये ते शोधलंच जात नाही. त्यासाठी सॉर्बिटॉल घातलेलं वेगळं माध्यम लागतं, किंवा टॉक्सिनच्या जनुकासाठी पीसीआर. सॉर्बिटॉलवर ओ१५७ च्या वसाहती बिनरंगी उगवतात, बाकीचे ई. कोलाय गुलाबी. म्हणून सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

ओआरएस चालू ठेवा. जुलाब थांबवायची लोपेरामाइडसारखी गोळी नाही, पोटदुखीसाठी आयबुप्रोफेन नाही. रक्ताचे जुलाब असतील तर काउंट रोज किंवा दिवसाआड. जुलाब सुरू झाल्यापासून पाचवा ते दहावा दिवस हा डोळ्यांत तेल घालून बघायचा काळ. यात गंमत म्हणजे, खरं तर गंमत कसली, जुलाब बरे व्हायला लागतात आणि नेमकं तेव्हाच हे सुरू होतं. म्हणून घरचेही आणि डॉक्टरही गाफील राहतात.

आता प्लेटलेट्स. अडून बसू नका. उलट कुणी चढवायला निघालं तर का ते विचारा. वाहून आणलेल्या प्लेटलेट्स त्याच गुठळ्यांत जाऊन बसतील अशी भीती असते. जोरात रक्तस्राव असेल किंवा एखादी शस्त्रक्रिया करायची असेल तर गोष्ट वेगळी. ३६,००० या आकड्यासाठी म्हणून देत नाहीत. रक्त मात्र लागेल असं दिसतंय. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं की तांबड्या पेशी सावकाश देतात, साधारण किलोला दहा मिली, तीन-चार तासांत.

संगीता_जे | मंगळवार, सकाळी ७.१५

खूप वाईट वाटलं वाचून. माझ्या सासूबाईंचं डायलिसिस चार वर्षं चालू आहे, आठवड्यातून तीनदा. सुरुवातीलाच हातावर फिस्टुला करून घ्या, मानेतल्या नळीने आम्हाला फार इन्फेक्शन झाली. आणि आत्तापासून किडनीदात्याचा विचार सुरू करा. एकदा डायलिसिसला बसलं की सुटका नाही हो.

निशाचर | मंगळवार, सकाळी ७.४०

संगीताताई, तुमचा अनुभव खरा आहे पण त्या किडन्या वर्षानुवर्षं झिजत गेलेल्या असतात, बहुधा मधुमेहाने. इथे किडनी आठवड्यापूर्वी ठणठणीत होती आणि एकाएकी अडली आहे. जुलाबांनंतरच्या एचयूएसमध्ये निम्म्याच्या आसपास मुलांना डायलिसिस लागतं आणि त्यातल्या बहुतेकांचं काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत सुटतं. फिस्टुलाचा विषयच नाही. एवढ्या लहान मुलाला पुष्कळदा पोटातून डायलिसिस करतात: पोटाच्या पोकळीत मऊ नळी, तिच्यातून द्रव आत सोडायचा, थोडा वेळ ठेवायचा, काढून घ्यायचा.

पण याला किरकोळ म्हणणार नाही. चांगल्या सोयींतही शंभरातली काही मुलं दगावतात, आणि त्याचं कारण किडनीपेक्षा मेंदूवर किंवा हृदयावर झालेला परिणाम असतो. म्हणून झटका, भान हरपणं, नजर एका जागी लागणं याकडे लक्ष ठेवायला सांगतो.

रॉकीजची_सून | मंगळवार, सकाळी ८.०५

मी कॅल्गरीत असते. माझ्या मुलीला चार वर्षांची असताना हेच झालं, ई. कोलाय ओ१५७ सापडला होता. इथे हा शब्द आयांना माहीत असतो. २०२३ च्या सप्टेंबरात इथल्या डे-केअर्समध्ये मोठी साथ आली, एकाच स्वयंपाकघरातून जेवण जाणाऱ्या ठिकाणी. चारशेहून जास्त लोक आजारी पडले, बहुतेक लहान मुलं, आणि कित्येकांना डायलिसिस लागलं. माझ्या मुलीचं त्याआधीचं.

तिला इमर्जन्सीत रक्ताचे जुलाब म्हटल्यावर पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे अँटिबायोटिक द्यायला नकार. मी भांडले. त्यांचं म्हणणं, जंतू मरताना जास्त विष सोडतो आणि एचयूएसचा धोका वाढतो. तुमच्या भाच्याला ते सिरप दिलं त्यानेच हे झालं असणार. आपल्याकडे पाणी प्यावं तशी अँटिबायोटिक्स देतात.

गोळीवाला | मंगळवार, सकाळी ९.३०

औषधदुकान चालवतो, म्हणून हे मनाला लागलं. ताई, ओफ्लॉक्स-ओझेड पावसाळ्यात दिवसाला किती जातं ते सांगत नाही. पण मग रक्ताच्या जुलाबात काहीच द्यायचं नाही का? आमच्याकडे येणारा निम्मा आमांश शिगेला या जंतूचा असतो, ताप शंभर-तीन, पोर मलूल. त्याला औषध नाही दिलं तर तोच मरेल. लोपेरामाइड मात्र मी लहान मुलाला कधीच देत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

निशाचर | मंगळवार, दुपारी १.१०

रात्रपाळी संपली, झोप येत नाही म्हणून लिहितो.

दोघांचंही अर्धं बरोबर आहे, आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ओ१५७ साठी अँटिबायोटिकने धोका वाढतो असे अभ्यास आहेत, २००० सालचा अमेरिकेतला एक तर खूप गाजला. काहींत तसं दिसलं नाही. ओ१५७ वारंवार दिसणाऱ्या देशात नकार देणं म्हणूनच समजण्यासारखं आहे. शिगेला डिसेंटरी टाइप १ हा मात्र तेच विष बनवतो आणि त्याला अँटिबायोटिक द्यावंच लागतं. आपल्याकडे एकेकाळी जुलाबांनंतरचा एचयूएस म्हणजे बहुतेक शिगेलाच. १९८४ ला बंगालमध्ये त्याच जंतूच्या आमांशाची मोठी साथ आली होती. पुढे तो प्रकार खूप कमी झाला, तसे हे पेशंटही कमी झाले.

गावातल्या डॉक्टरांकडे बुधवारी काय होतं? रक्ताचे जुलाब, वय साडेतीन, पीसीआरची सोय नाही. ताप नसणं आणि कळ जबरदस्त असणं ही खूण ओ१५७ कडे झुकते, शिगेलात बहुधा ताप जास्त असतो. पण त्या एका खुणेवर औषध न देण्याची हिंमत मीसुद्धा प्रत्येक वेळी केली नसती. सिरपनेच झालं असं इथे कुणी म्हणू नये. सिरप न घेता एचयूएस झालेली मुलं भरपूर आहेत, आणि ओ१५७ झालेल्या लहान मुलांपैकी मोठ्या बहुसंख्येला तो होतही नाही. साधारण सात-आठांत एकाला होतो.

आबा_करवीर | मंगळवार, दुपारी २.००

डॉक्टरसाहेब, शहाळ्याचं समजलं, बोललो नसतो तर बरं झालं असतं. पण हा जंतू येतो कुठून? उघड्यावरचं खाणं?

निशाचर | मंगळवार, दुपारी २.२०

मूळ घर गुरांचं आतडं. गुरांना त्याचा त्रास होत नाही. शेण लागलेलं काहीही, कच्चं दूध, नीट न शिजलेला खिमा, शेणखताच्या वाफ्यातली न धुतलेली पालेभाजी, विहिरीचं पाणी. मग एका मुलाच्या हातून दुसऱ्याला, कारण फार थोडे जंतू पुरतात. जर्मनीत २०११ ला मोड आलेल्या मेथीतून साथ गेली, ३,८०० हून अधिक लोक आजारी, ५० च्या वर मृत्यू. तो जंतू ओ१५७ नव्हता, ओ१०४ होता, आणि त्यात मुलांपेक्षा मोठी माणसं, विशेषतः बायका जास्त होत्या.

पंचगंगेकाठची | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

पुण्यातून भावाचा फोन झाला. हिमोग्लोबिन ६.४ आलं, रक्त दिलं. क्रिएटिनिन ३.९, बारा तासांत लघवी चमचाभर. दुपारी पोटात नळी घातली, डायलिसिस चालू झालं. प्लेटलेट्स दिल्या नाहीत. रक्त द्यायच्या आधी त्यांनी तीन-चार जादा नळ्या भरून घेतल्या, म्हणाले सी३ आणि "अँटी फॅक्टर एच" साठी. जुलाबामुळे झालंय तर हे कशाला? खर्च वाढवतायत का असं भाऊ विचारतोय.

मुलीचे जुलाब साधे आहेत, रक्त नाही. काउंट २,९०,०००, क्रिएटिनिन ०.४.

आबांच्या प्रश्नावरून आठवलं. दोघं मुलं सुट्टीत आजोळी होती, तिथे गोठ्यात म्हशीचं धारोष्ण दूध रोज पेला पेला प्यायली.

आबा_करवीर | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

धारोष्ण दुधाला नाव ठेवू नका. कोल्हापूरची आख्खी तालीम त्यावर वाढली. मी सत्तर वर्षं पितोय.

निशाचर | मंगळवार, रात्री ८.१५

आबा, तालमीतले पैलवान साडेतीन वर्षांचे नसतात. ही विषारी ई. कोलाय जन्मभर गोठ्यात राहिलेल्याला वेगळी वागते असं वाटतं, पण त्यावर छातीठोक बोलणार नाही. पाच वर्षांखालच्या पोराला दूध उकळूनच द्या, एवढं मी कुणाशीही भांडून सांगेन. या मुलाला दुधातूनच झालं का, हे बहुधा कधीच कळणार नाही. आता आठवडा उलटून गेलाय आणि अँटिबायोटिकही पोटात गेलंय, शौचात काही सापडायची शक्यता कमी.

जादा नळ्यांबद्दल भावाला सांगा की ते डॉक्टर शहाणे आहेत. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण पाश्चात्य माहिती वाचून आपण फसतो ती इथेच.

कॅनडात किंवा अर्जेंटिनात जुलाब अधिक एचयूएस म्हणजे जवळजवळ ठरलेलं उत्तर: विष बनवणारा ई. कोलाय. आपल्याकडे तसं नाही. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची जंतूंवर तुटून पडणारी यंत्रणा असते आणि तिने स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर तुटून पडू नये म्हणून लगाम असतात. सी३ हा त्या यंत्रणेचा एक घटक, आणि फॅक्टर एच हा त्या लगामांतला मोठा लगाम. काही मुलांच्या शरीरात याच लगामाविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. मग एखादा साधा ताप, साधे जुलाबसुद्धा निमित्त पुरतं आणि एचयूएस होतो. स्लाइड तीच, प्लेटलेट्स त्याच, क्रिएटिनिन तसंच. भारतातल्या अशा, म्हणजे जंतूच्या विषाविना होणाऱ्या एचयूएसच्या मुलांत जवळपास निम्म्यांना ही अँटिबॉडी सापडते. दिल्लीच्या एम्समधल्या गटाने हे दाखवून दिलं आणि जगात इतकं प्रमाण दुसरीकडे क्वचितच दिसतं.

फरक उपचारात पडतो. विषामुळे झालेलं असेल तर सांभाळायचं आणि वाट बघायची. अँटिबॉडी असेल तर वाट बघण्यात किडनी जाते. प्लाझ्मा बदलावा लागतो, रोज, आणि सोबत अँटिबॉडी दाबणारी औषधं. माझ्याकडे एक आठ वर्षांचा मुलगा आला होता, "पाणीपुरीनंतर जुलाब, मग एचयूएस" अशा चिठ्ठीसह. रक्त नव्हतं जुलाबात, दोन दिवसांतच लघवी बंद झालेली, रक्तदाब प्रचंड. आधीच्या ठिकाणी सहा दिवस वाट पाहिली गेली. अँटिबॉडी नॉर्मलच्या कित्येक पट निघाली. तेव्हा वय, जुलाबात रक्त नसणं, जुलाब आणि एचयूएस यांत अंतर नसणं, या गोष्टींनी आमचा कान टवकारला जातो. तुमच्या भाच्याची कहाणी विषाच्या बाजूने बोलते. पण नळ्या रक्त किंवा प्लाझ्मा देण्याआधीच भरायच्या, कारण नंतर त्यात दुसऱ्या माणसाचं रक्त मिसळलेलं असतं.

स्लाइडवाला | मंगळवार, रात्री ८.४०

यात भर एवढीच की कूम्ब्स आणि पीटी-एपीटीटी पण बघून घ्या. कूम्ब्स निगेटिव्ह असेल तर अँटिबॉडी चिकटून तांबड्या पेशी फुटत असल्याची शक्यता बाजूला पडते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी पीटी नॉर्मल असेल तर सेप्सिसमधला डीआयसी, म्हणजे अंगभर बारीक गुठळ्या होणं, बाजूला पडतो. तिथेही तुकडे आणि कमी प्लेटलेट्स दिसतात, पण गोठण्याचे घटकही संपलेले असतात.

पंचगंगेकाठची | शुक्रवार, रात्री १०.००

कूम्ब्स निगेटिव्ह, पीटी नॉर्मल. सी३ थोडं कमी. शौचाचा पीसीआर निगेटिव्ह. अँटिबॉडीचा रिपोर्ट यायचाय. बुधवारी पहाटे एक झटका आला, सोडियम १२४ होतं. आता शुद्धीवर आहे, आईला ओळखतो. दिवसाला फक्त झालेली लघवी अधिक पाव लिटर एवढंच पाणी देतात, पोरगा पाणी पाणी करतो, वहिनी बाहेर जाऊन रडते. आज प्लेटलेट्स ५८,०००. पण हिमोग्लोबिन पुन्हा ६.९. एक सुधारतंय आणि एक बिघडतंय, हे कसं?

निशाचर | शुक्रवार, रात्री ११.२०

सोडियमचं मी ज्याला घाबरत होतो तेच झालं. शुद्ध लगेच आली हे चांगलं, तरी मेंदूचा एमआरआय करायचा का ते त्यांना ठरवू द्या.

प्लेटलेट्स आधी वळतात. नव्या गुठळ्या होणं थांबल्याची ती पहिली खूण असते. हिमोग्लोबिन त्यानंतरही काही दिवस पडत राहतं, आणि अडलेल्या किडनीतून रक्त बनवायचा संदेशही कमी येतो. त्यामुळे ते भरायला आठवडे लागतात. रोज एलडीएच बघा, ते उतरत असेल तर माझ्या मते वळण लागलंय. सी३ थोडं कमी असण्यावरून मी काही म्हणणार नाही, विषाच्या प्रकारातही कधी कधी उतरतं.

रॉकीजची_सून | शनिवार, सकाळी ८.३०

वहिनींना सांगा, आम्ही ओल्या बोळ्याने ओठ पुसायचो आणि बर्फाचा छोटा खडा मोजून द्यायचो. तो खडासुद्धा पाण्यात धरतात, नर्सला विचारून.

पंचगंगेकाठची | पुढचा गुरुवार, संध्याकाळी ७.१०

अँटिबॉडी निगेटिव्ह आली. सोमवारपासून लघवी सुटली, काल ६०० मिली. नळी बंद करून ठेवलीय, उद्या काढतील. प्लेटलेट्स २,४०,०००. क्रिएटिनिन १.१. रक्तदाबाची गोळी चालू आहे. म्हणजे बरा झाला ना?

निशाचर | गुरुवार, रात्री ९.००

मोठा घाट ओलांडला. पण ०.४ हवं तिथे १.१ आहे, अजून उतरायचंय. घरी गेल्यावर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग लांबवत लांबवत: रक्तदाब, सकाळच्या पहिल्या लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन. निदान पाच वर्षं, आणि खरं तर त्यानंतरही वर्षातून एकदा. तीन-चार मुलांमागे एकाला पुढे प्रोटीन जाणं, रक्तदाब किंवा किडनीचं काम थोडं कमी राहणं असं काहीतरी उरतं. जितके दिवस लघवी बंद होती, तितका हा धोका जास्त.

रॉकीजची_सून | शुक्रवार, सकाळी ७.५०

हे खरं आहे. आमच्या मुलीचं तीन वर्षं सगळं स्वच्छ आलं. चौथ्या वर्षी लघवीत प्रोटीन निघालं, रक्तदाब ठीक होता. एनालाप्रिल चालू केलं, आता थोडंच जातं. तिला काहीही त्रास होत नव्हता. तपासलं नसतं तर कळलंच नसतं.

गोळीवाला | शुक्रवार, सकाळी १०.००

एक शंका. पुन्हा जुलाब झाले तर पुन्हा हे होतं का? आणि जंतूही सापडला नाही, अँटिबॉडीही नाही, मग कारण काय लिहिलं?

निशाचर | शुक्रवार, रात्री ११.४५

डिस्चार्ज कार्डवर बहुधा "जुलाबांनंतरचा एचयूएस, जंतू सिद्ध नाही" असं काहीतरी येईल. कहाणी आणि आपोआप लागलेलं वळण पाहता मी विषाच्याच बाजूने आहे, पण सिद्ध करता येणार नाही. कॉम्प्लिमेंटच्या जनुकांची तपासणी आत्ता करायची का, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. सी३ महिन्याभराने पुन्हा करा. तेव्हाही कमी राहिलं तर मी करून घेईन.

विषामुळे झालेला एचयूएस सहसा पुन्हा होत नाही. म्हणून पुढे कधी, जुलाबांनंतर असो वा साध्या तापानंतर, हा पुन्हा पांढरा पडला, लघवी कमी झाली, प्लेटलेट्स उतरल्या, तर ते दुसऱ्यांदा होणं हेच मोठं लक्षण धरा. तेव्हा जनुकतपासणी करायची की नाही हा प्रश्न उरत नाही. आणि त्या दिवशी रक्त चढवायच्या आधी नळ्या भरायला सांगा.